बायोतल्या चार ओळी आणि एक लिंक: माझ्या घरगुती बेकरीचा अनुभव

गेल्या वर्षी मार्चमध्ये एका मुलाने इन्स्टाग्रामवर मला संदेश पाठवला होता. तो पुण्याला नोकरीला होता, आईवडील आमच्याच भागातल्या एका गावी राहत होते, आणि वडिलांच्या पंचाहत्तरीला संध्याकाळी घरी केक पोहोचावा अशी त्याची इच्छा होती. त्याने तारीख, गाव, वजन, केकवर लिहायचा मजकूर, सारे काही नीट लिहिले होते. मी त्याला फॉलो करत नसल्यामुळे तो संदेश माझ्या नेहमीच्या संदेशांत न येता 'Requests' नावाच्या वेगळ्या कप्प्यात जाऊन पडला आणि मी तो पाहिला तेव्हा पंचाहत्तरी होऊन नऊ दिवस झाले होते. खाली त्याचा दुसरा संदेश होता, 'नाही जमत असेल तर तसे सांगा, मी दुसरीकडे बघतो.' मी त्याला फोन करून क्षमा मागितली. तो चांगले बोलला, पण ती मागणी आणि ती संध्याकाळ काही परत येणार नव्हती.

मी वर्धा जिल्ह्यात, आर्वीपासून चार किलोमीटरवरच्या गावात राहते आणि घरच्या स्वयंपाकघरातून केक करून देते. माझ्या इन्स्टाग्रामच्या बायोत तेव्हा शेवटची ओळ होती, 'ऑर्डरसाठी डीएम करा.' म्हणजे ज्या कप्प्याकडे माझे लक्ष जात नव्हते, त्याच कप्प्याकडे मी स्वतः लोकांना पाठवत होते. बायो पुन्हा लिहायला हे कारण पुरेसे होते. काम एका दुपारचे वाटले होते, प्रत्यक्षात त्याला अडीच महिने लागले, कारण लिहिण्याआधी मला ठरवायचे होते ते लिहिण्यापेक्षा बरेच अवघड निघाले.

जुना बायो असा होता: 'होम बेकर । केक, कुकीज, चॉकलेट, नानखटाई । कस्टमाइज्ड केक । प्रेमाने बनवलेले । ऑर्डरसाठी डीएम करा.' मी हा मजकूर धाकट्या दिराला दाखवला. तो आर्वीला मोबाइलचे दुकान चालवतो आणि दिवसभर गिऱ्हाइकांच्या हातातले फोन पाहत असतो. त्याने दोनदा वाचले आणि म्हणाला, "वयनी, याच्यात गावाचं नावच नाही ना. लोकायनं कुठी यावं? अन् केक किती दिवसांत भेटते, तेही नाही." मी म्हटले की विचारल्यावर मी सांगतेच. त्यावर तो म्हणाला, "विचारनारा विचारते. जो विचारत नाही, तो गेला, ते तुमाले मालूमच पडत नाही."

त्या दिवसापासून मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर एक वही ठेवली. इन्स्टाग्रामवरून किंवा फोनवरून जो कोणी पहिल्यांदा विचारणा करील, त्याचा पहिला प्रश्न जसाच्या तसा तिच्यात उतरवायचा, एवढाच नियम केला. महिनाभरात दोन पाने भरली. चव, डिझाइन, चॉकलेट यांविषयी पहिला प्रश्न जवळजवळ कोणाचाच नव्हता. 'तुम्ही कुठल्या?' 'आमच्या गावी पोचवता का?' 'उद्या मिळेल का?' 'एगलेस आहे का?' आणि 'किती रुपये?' हेच पाच प्रश्न उलटसुलट येत होते. काहींनी नागपूरला पाठवाल का असेही विचारले होते, म्हणजे मी कुठे आहे याचा त्यांना अंदाजही नव्हता.

वही चाळताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. केक खाणारे गावात असतात, पण विचारणारे पुष्कळदा गावात नसतात. पुण्यात किंवा नागपुरात कामाला असलेला मुलगा, लग्न होऊन अमरावतीला गेलेली मुलगी, वसतिगृहात राहणारी भाची, हे लोक फोनवर शोधतात आणि गावातल्या आईसाठी, पुतण्यासाठी केक मागवतात. त्यांना दुकानात येऊन केक पाहता येत नाही. त्यांना एकच खात्री हवी असते, की ठरल्या वेळी तो घरी पोहोचेल. आमच्याकडे वाढदिवस संध्याकाळी साजरा होतो. शेतावरची माणसे परत येतात, गल्लीतली लेकरे जमतात आणि सात वाजता केक कापला जातो. आठ वाजता पोहोचलेल्या सुंदर केकपेक्षा सहा वाजता पोहोचलेला साधा केक त्या घराला अधिक मोलाचा असतो. म्हणून माझे वचन चवीचे नव्हे, वेळेचे असावे, हे मी वहीवरून ठरवले.

मात्र कोणत्या वेळेचे वचन द्यायचे, यात मी पहिल्यांदा मोठी चूक केली. मोहात पडून मी बायोत लिहिले, 'त्याच दिवशी घरपोच.' एप्रिलच्या शेवटी एका घरून सकाळी अकरा वाजता मागणी आली. मी साडेअकराला पिठात हात घातला. एक किलोचा स्पंज १८० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटे भाजावा लागतो, आणि त्या दिवशी तो ओव्हनमध्ये असतानाच वीज गेली. वीस मिनिटांनी आली तेव्हा मध्यभाग बसलेला होता. पुन्हा पीठ केले. दुसरा स्पंज अडीच वाजता बाहेर निघाला. तो पूर्ण गार व्हायला आमच्याकडच्या उन्हाळ्यात तीन तास तरी लागतात, कारण घरातच तापमान चाळिसाच्या आसपास असते. माझ्या हाताशी तेवढा वेळ नव्हता. पृष्ठभागाला हात लावला तेव्हा तो गार वाटला, म्हणून मी चार वाजता क्रीम लावली. आतल्या थरांत ऊब शिल्लक होती. साडेपाचला डब्याचे झाकण उघडले तेव्हा वरचा थर एका बाजूला सरकला होता आणि नावाची अक्षरे तिरकी झाली होती. मी तो केक दिला नाही, पैसे परत केले, आणि त्याच रात्री बायोतून ती ओळ काढली.

त्यानंतर मी उलट दिशेने हिशेब मांडला. केक संध्याकाळी सहाच्या आत दारात हवा, तर घरातून तो पाचच्या सुमारास निघाला पाहिजे. त्याआधी दोन-तीन तास तो फ्रिजमध्ये घट्ट बसला पाहिजे, म्हणजे क्रीमचे काम दुपारी दोनपर्यंत संपायला हवे. क्रीम लावायला स्पंज रात्रभर गार झालेला असला तर काम सुरेख होते, थर कापताना चुरा पडत नाही, म्हणून भाजणे आदल्या रात्री. आमच्या फीडरवर रात्री दहानंतर वीज सहसा टिकते आणि ओट्याजवळ उभे राहणेही सुसह्य होते. रात्री भाजायचे तर सामान संध्याकाळपर्यंत आर्वीहून यायला हवे. दीर दुपारी एकच्या सुमारास जेवायला घरी येतो, तो परत जाताना यादी घेऊन जातो. म्हणून मागणी आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत माझ्या हातात असली पाहिजे. बारा हा आकडा अशा रीतीने दिराच्या जेवणाच्या वेळेवरून आला. तो खरा आहे म्हणूनच तो पाळता येतो.

अंतराचाही असाच हिशेब केला. एक किलोचा केक डब्यात घालून, स्कूटरच्या पायाजवळच्या जागेत ठेवून मी यजमानांबरोबर तीन दिशांना गेले आणि प्रत्येक ठिकाणी झाकण उघडून पाहिले. आर्वीहून दहा किलोमीटरच्या आतली गावे पंचवीस मिनिटांत होतात आणि केकला काही होत नाही. त्यापुढच्या एका रस्त्यावर खड्डे इतके आहेत की कडेची नक्षी डब्याला लागली. म्हणून हद्द दहा किलोमीटरची.

एगलेस हा शब्द ठेवायचा की नाही, यावर घरात चर्चा झाली. सासूबाईंच्या मते 'बिनअंड्याचा' हा आपला शब्द आहे, आणि बोलताना मीही तोच वापरते. पण वहीत एकानेही तो लिहिलेला नव्हता. सगळ्यांनी 'एगलेस' असेच विचारले होते. वाचणारा ज्या शब्दाने शोधतो, तोच शब्द त्याच्या डोळ्यांना चटकन दिसतो, म्हणून 'एगलेस' ठेवला. शिवाय हे वचन देताना मला कसलीच धाकधूक नव्हती. आमच्या घरात अंडे येतच नाही, त्यामुळे एखाद्या दिवशी ते मोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

क्रीम, फोटो केक, दोनमजली केक हे शब्द मी मुद्दाम बाहेर ठेवले. विदर्भातल्या मे महिन्यात पारा पंचेचाळिसापर्यंत जातो, तेव्हा क्रीमचा केक स्कूटरवरून नेण्याची हमी मी देऊ शकत नाही. त्या दिवसांत मी संत्र्याचा आणि चॉकलेटचा बिनक्रीमचा केक देते. बायोत 'क्रीम केक' लिहिले असते तर ते वचन दर मे महिन्यात खोटे पडले असते. 'केक' एवढेच लिहिल्याने बाराही महिने ते खरे राहते, आणि कोणता प्रकार मिळेल हे बोलणे व्हॉट्सॲपवर होते.

आता शब्दांची बसवणूक. इन्स्टाग्राम बायोला १५० अक्षरे देते. पण मराठीत लिहिणाऱ्याने ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की त्या मोजणीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला पाय मोडण्याचे चिन्ह, हे सगळे वेगवेगळे धरले जातात. आपण 'संध्याकाळी' चार अक्षरांत वाचतो, मोजणीत तो दहा होतो. 'च्या' हे आपल्याला एक अक्षर वाटते, तिथे ते चार आहे. मी कागदावर सव्वाशे अक्षरांचा म्हणून लिहिलेला पहिला मजकूर फोनवर टाकला, तर शेवटची दीड ओळ बसलीच नाही. त्यानंतर मी कागदावर मोजणे सोडले आणि थेट फोनवर 'Edit profile' उघडून, उरलेल्या अक्षरांचा आकडा पाहतच लिहू लागले. बोटाच्या चिन्हासारखे एक चित्रही दोन अक्षरांची जागा घेते.

दुसरी मर्यादा ओळींची आहे. बायो लांबला की इन्स्टाग्राम पहिल्या काही ओळी दाखवून पुढचा भाग 'more' या शब्दामागे झाकते, आणि तो शब्द दाबण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. सुटसुटीत दिसावे म्हणून मी आधी ओळींच्या मध्ये रिकाम्या ओळी सोडल्या होत्या, त्यामुळे गावाचे नावच झाकले गेले होते. चार ओळी, मध्ये एकही रिकामी ओळ नाही, असे मी स्वतःवर बंधन घालून घेतले.

वचनाची पहिली मांडणी अशी होती: 'आज दुपारी १२ पर्यंत सांगा, उद्या संध्याकाळी ६ च्या आत घरपोच.' ऐकायला ती छान वाटते, पण दोनच दिवसांत तिच्यातला दोष कळला. एका बाईने रात्री नऊला वाचून लगेच लिहिले, 'उद्या हवा.' तिच्या दृष्टीने ती 'आज' सांगत होती आणि 'उद्या' मागत होती. बारा वाजून गेले होते, हा भाग तिच्या नजरेतून सुटला, आणि तिचा दोष नव्हता. बायो कोणत्या घटकेला वाचला जाईल हे लिहिणाऱ्याच्या हातात नसते, म्हणून 'आज' आणि 'उद्या' हे शब्द तिथे टिकत नाहीत. वेळ वाचणाऱ्याच्या दिवसाला न बांधता वाढदिवसाला बांधली, तेव्हा गोंधळ थांबला. शेवटी ठरला तो मजकूर असा:

```
वाढदिवसाचा एगलेस केक
आदल्या दिवशी दुपारी १२ पर्यंत सांगा,
वाढदिवशी संध्याकाळी ६ च्या आत घरपोच
आर्वी व १० किमीतली गावे 👇
```

हे सारे १२० अक्षरांत बसते. उरलेल्या तीस अक्षरांत 'प्रेमाने बनवलेले' पुन्हा घालावे असे मला फार वाटले होते, आणि ते खोटेही नाही. पण त्या दोन शब्दांनी वहीतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नव्हते, म्हणून जागा रिकामीच राहू दिली.

बायोच्या वर जे ठळक नाव दिसते, त्याची मोजणी या १५० अक्षरांत होत नाही आणि शोधताना ते नाव उपयोगी पडते. तिथे माझे स्वतःचे नाव होते. माझ्या नावाने मला शोधणारे सगळे माझे नातेवाईकच होते, म्हणून मी ते 'केक आर्वी' आणि त्याच्यापुढे रोमन लिपीत Cake Arvi असे केले, कारण आमच्याकडची तरुण मुले वाचतात मराठीत, पण शोधताना रोमन अक्षरे टाइप करतात. इथे एक सावधगिरी सांगायला हवी. हे नाव चौदा दिवसांत दोनदाच बदलता येते. मी एकाच संध्याकाळी घाईने दोनदा बदलले आणि दुसऱ्या वेळी आर्वीचे रोमन स्पेलिंग चुकले. पुढचे दोन आठवडे ते चुकलेले नाव तसेच दिसत राहिले. बायोतल्या मजकुराला असे बंधन नाही, पण नाव मात्र आधी कागदावर लिहून, दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊनच भरावे.

उरला लिंकचा भाग. जुन्या बायोला पाच लिंक होत्या. इन्स्टाग्राम पाचपर्यंत लिंक घालू देते, म्हणून मी फेसबुकचे पान, यूट्यूबवरचे दोन व्हिडिओ, नकाशावरचे घर आणि व्हॉट्सॲप असे सगळे घातले होते. एकाहून अधिक लिंक असल्या की बायोखाली पहिलीच दिसते आणि बाकीच्या किती आहेत तेवढे लिहिलेले असते. ते दाबल्यावर यादी उघडते. माझी पहिली लिंक फेसबुकची होती. म्हणजे केक मागवायला आलेला माणूस फेसबुकवर जात होता, आणि तिथून परत कोणी येत नव्हते. नकाशाच्या लिंकने तर एक कुटुंब न सांगता दुपारी दारात येऊन उभे राहिले. त्यांना वाटले दुकान आहे, आणि माझ्याकडे त्या दिवशी द्यायला काहीच नव्हते. त्यांना चहा देऊन परत पाठवताना मला फार वाईट वाटले.

वचनात एकच क्रियापद आहे, 'सांगा.' म्हणून लिंकही एकच हवी, आणि तिने फक्त सांगण्याच्या जागी न्यावे, हे मी निश्चित केले. ती जागा म्हणजे व्हॉट्सॲप, कारण तिथे आलेला संदेश मी पाहिल्यावाचून राहत नाही आणि तिथे अनोळखी माणसाचा संदेश कुठल्या वेगळ्या कप्प्यात दडत नाही. व्हॉट्सॲपची लिंक या साच्याची असते:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX
```

91 हा देशाचा क्रमांक आणि त्याला चिकटून आपला दहा आकडी क्रमांक. मध्ये अधिकचे चिन्ह, मोकळी जागा, आडवी रेघ किंवा सुरुवातीचे शून्य काहीही चालत नाही. मी सवयीने 91 नंतर शून्य घातले होते. 'Edit profile' मधल्या 'Links' मध्ये लिंक निमूटपणे जतन झाली, बायोखाली दिसूही लागली, आणि चार दिवस एकही संदेश आला नाही. जतन झाली म्हणजे चालते असे समजण्यात माझी चूक झाली होती. नणंदेच्या फोनवरून दाबून पाहिल्यावर क्रमांक सापडत नसल्याचे कळले. तेव्हापासून लिंक बदलली की मी ती तिच्याच फोनवरून, इन्स्टाग्रामच्या आतूनच, दाबून पाहते. आधी इन्स्टाग्राम आपल्याच खिडकीत एक पान उघडते, तिथले बटण दाबल्यावर व्हॉट्सॲप सुरू होते. हा मधला टप्पा ज्याने पाहिलेला नाही, त्याला फोनवरून मार्गदर्शन करता येत नाही.

लिंक दाबल्यावर समोर कोरी चौकट आली की बहुतेक लोक 'हाय' लिहितात, आणि पुढे सहा-सात संदेश नुसत्या चौकशीत जातात. म्हणून संदेश आधीच लिहिलेला असावा असे वाटले. तो लिंकमध्येच घालता येतो, पण मराठी मजकूर लिंकमध्ये टाकताना प्रत्येक अक्षराचे, प्रत्येक मात्रेचे सुद्धा, टक्केवारीच्या चिन्हांसह नऊ-नऊ चिन्हांत रूपांतर होते. एका 'केक' शब्दाचे असे होते:

```
%E0%A4%95%E0%A5%87%E0%A4%95
```

चार ओळींच्या संदेशाची लिंक यामुळे हातभर होते, आणि मध्ये एक चिन्ह गळले की सगळे बिघडते. यावर चांगला उपाय व्हॉट्सॲप बिझनेसमध्येच आहे. तिथल्या 'Business tools' मध्ये 'Short link' आहे. ती एक छोटी लिंक तयार करून देते आणि तिच्यासोबतचा संदेश साध्या मराठीत लिहून ठेवता येतो. पुढे संदेश बदलला तरी लिंक तीच राहते, म्हणजे इन्स्टाग्रामवर पुन्हा जावे लागत नाही. माझा संदेश असा आहे:

```
वाढदिवसाचा केक हवा आहे.
तारीख:
गाव:
किती किलो:
केकवर काय लिहायचे:
```

यात पहिल्यांदा मी दहा रकाने घातले होते, चव, रंग, वय, पत्ता, पैसे कसे देणार, सगळे. लोक ते पाहून संदेश न पाठवताच मागे फिरत असावेत, कारण लिंक दाबल्याची नोंद होती आणि संदेश येत नव्हते. इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यात प्रोफाइल किती जणांनी पाहिले आणि बाहेरची लिंक किती जणांनी दाबली, हे दोन्ही आकडे मिळतात. माझ्याकडे येणारे संदेश मी वहीत मोजतेच. या तीन आकड्यांत कुठे गळती आहे ते दिसते. प्रोफाइल पाहून लिंक दाबत नसतील तर दोष बायोत शोधावा, आणि लिंक दाबूनही संदेश येत नसतील तर लिंक तुटलेली आहे किंवा मधला रस्ता लांबलेला आहे. मी रकाने चारवर आणले. हो किंवा नाही सांगायला तेवढेच लागतात. बाकीचे बोलण्यात येते.

बायोतून काढलेल्या गोष्टी मी फेकून दिल्या नाहीत, त्यांच्या जागा बदलल्या. दर वजनाप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून ते एका पोस्टमध्ये लिहून ती पोस्ट प्रोफाइलच्या वरच्या भागात पिन केली आहे. अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक आधी बायोत होता. तो आता डब्यावरच्या चिठ्ठीवर आणि हायलाइटमध्ये आहे. नानखटाई आणि कुकीज मी अजूनही करते, पण त्या केक घेणाऱ्यांना डब्यासोबत सांगते. दिवाळीत जावेने आग्रह धरला होता की फराळाची ओळ बायोत घाल. एक आठवडा घातलीही. त्या आठवड्यात 'चिवडा किलोने मिळेल का?' असे विचारणारे आले आणि वाढदिवसाच्या मागण्यांची वेळ चुकू लागली, म्हणून ती काढली आणि फराळ स्टोरीवर ठेवला.

जे सुटले नाही तेही नोंदवते. 'किती रुपये?' हा प्रश्न अजून येतोच, पिन केलेली पोस्ट असूनही. बायोमुळे नवे लोक माझ्यापर्यंत आले असेही मी म्हणणार नाही. ते फोटोंमुळे आणि एकमेकांच्या सांगण्यावरून येतात. पण आलेल्यांपैकी ज्यांना मी केक देऊ शकते ते आता थेट तारीख लिहून पाठवतात, आणि नागपूरची विचारणा जवळजवळ थांबली आहे. या जानेवारीत पुण्याच्या त्या मुलाचा संदेश पुन्हा आला, या वेळी व्हॉट्सॲपवर, चारही रकाने भरून. आईच्या वाढदिवसासाठी अर्धा किलो, संत्र्याचा, आणि केकवर फक्त 'आई'. संक्रांतीनंतरचा आठवडा होता, वीज गेली नाही, आणि केक साडेपाचला त्यांच्या ओसरीवर पोहोचला.

आता जून लागेल. आमच्या आणि पलीकडच्या चार गावांच्या मध्ये एक नाला आहे, आणि जोराचा पाऊस झाला की त्याच्यावरच्या पुलावरून पाणी वाहते. गेल्या ऑगस्टमध्ये यजमान केक घेऊन दोन तास काठावर उभे होते. म्हणून पहिला मोठा पाऊस पडला की चौथ्या ओळीतल्या १० चे ६ करायचे आणि पोळा झाल्यावर रस्ता पाहून पुन्हा १० करायचे, असे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. त्याच्याखाली नणंदेचा फोन नंबर आहे, लिंक दाबून पाहण्यासाठी.